अस्सल, नक्कल आणि भरलेला फोन

अंगणवाडीतून घरपोच आहार देताना लाभार्थ्याच्या चेहऱ्याची पडताळणी पोषण ट्रॅकरवर करण्याचे बंधन 1 जुलै 2025 पासून आले, आणि होटगीच्या आमच्या ओळखीच्या एका सेविकाताईंपुढे, दारात मातांची रांग उभी असताना, ‘जागा शिल्लक नाही’ ही सूचना फोनवर उमटली. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरच्या सेविकांनी 2 जीबी रॅमचे सरकारी फोन काम करीत नाहीत म्हणून शासनाला परत केले, ते प्रकरण वाचकांच्या स्मरणात असेल. परंतु रॅम म्हणजे कामाचे मेज आणि साठा म्हणजे कपाट. मेज अपुरे असेल तर कपाट कितीही वाढवून उपयोग नाही. ताईंची अडचण कपाटाची होती, आणि ती सुटण्याजोगी होती.

जुन्या कचेऱ्यांत दप्तर हलके करताना कारकून प्रथम एकच गोष्ट पाहत असे, ती म्हणजे कागद अस्सल आहे की नक्कल. फोनच्या बाबतीतही मला हीच कसोटी सर्वांत भरवशाची वाटते. कॅशे ही शुद्ध नक्कल होय. एकदा पाहिलेले चित्र पुन्हा लवकर दिसावे म्हणून अॅपने जवळ ठेवलेली प्रत. सेटिंग्जमध्ये एकेका अॅपच्या साठ्यात जाऊन Clear cache दाबले की ती निघते, आणि अॅप वापरताच पुन्हा साठू लागते. ताईंच्या 64 जीबीच्या फोनात या मार्गाने जेमतेम पावणेदोन जीबी जागा झाली आणि आठवड्याभरात त्यातली बरीचशी परत भरली. म्हणून कॅशे पुसणे हा त्या वेळेपुरता उतारा आहे, उपचार नव्हे. त्याच्याच शेजारी असलेले Clear storage मात्र अस्सलावर घाव घालते. त्याने लॉगिन तर जातेच, पण जाळे नसताना भरून ठेवलेल्या आणि सर्व्हरवर अद्याप न पोचलेल्या नोंदीही जातात, आणि त्यांची दुसरी प्रत कोठेच नसते.

ताईंचे खरे ओझे व्हॉट्सअॅपमध्ये निघाले, तब्बल 19 जीबी. तेथील Manage storage या पानावर 5 एमबीहून मोठ्या फायली आणि अनेकदा पुढे धाडलेल्या फायली वेगळ्या दिसतात. सुप्रभाताची चित्रे, कीर्तनांचे व्हिडिओ आणि एकच परिपत्रक चार गटांतून चार वेळा आलेले, असा सारा ऐवज तपासून काढताच 11 जीबी मोकळे झाले. त्यानंतर क्वचित लागणारी सहा अॅपे संग्रहित केली. अँड्रॉइडवर Archive आणि आयफोनवर Offload App या नावाने मिळणाऱ्या या सोयीत अॅपचा सांगाडा जातो, आपली माहिती आणि पडद्यावरचे चिन्ह राहते, व चिन्ह दाबले की अॅप पुन्हा उतरते. मात्र त्या क्षणी इंटरनेट हवे, म्हणून पोषण ट्रॅकरला या यादीत घेऊ नये.

राहिली छायाचित्रे, आणि त्यांच्यासाठी क्लाउड घ्यावा की मेमरी कार्ड, हा प्रश्न. क्लाउडला लोक तिजोरी समजतात, पण गूगल फोटोज हा आरसा आहे: तेथे सामान्य रीतीने छायाचित्र पुसले तर ते फोनातून आणि क्लाउडमधून, दोहोंकडून जाते. फोनातलीच प्रत काढायची असेल तर Free up space हाच मार्ग, आणि तोही चित्र वर चढल्याची खात्री झाल्यावर. शिवाय व्हॉट्सअॅपचा फोल्डर आपण वेगळा निवडल्याखेरीज त्यातील चित्रे वर जात नाहीत. फुकट मिळणाऱ्या 15 जीबीत ईमेल, ड्राइव्ह, फोटो आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅप बॅकअप असे सारेच बिऱ्हाड राहते. ते भरले की नवा ईमेल येणेही थांबते.

कार्डाला मासिक शुल्क नाही, पण व्हॉट्सअॅप त्यावर हलत नाही, पुष्कळ नव्या फोनांत त्याची खाचच नसते, आणि काहींत दुसरे सिम किंवा कार्ड यांपैकी एकच बसते. ‘अंतर्गत साठा’ म्हणून बांधलेले कार्ड दुसऱ्या फोनात वाचता येत नाही, तेव्हा ते पोर्टेबल म्हणूनच ठेवावे. फेरीवाल्याकडची अतिस्वस्त 1 टीबीची कार्डे बहुधा खोटी असतात: आत खरी जागा त्याहून फार कमी असते, ती भरल्यावर पुढचा मजकूर स्वीकारल्याचे दाखवले जाते आणि फायली मात्र उघडत नाहीत. म्हणून नवे कार्ड संगणकाला लावून मोठ्या फायलींनी काठोकाठ भरावे, काढून पुन्हा लावावे, आणि पहिल्या व शेवटच्या फायली उघडून पाहाव्यात.

ताईंनी मुलीच्या लग्नाची छायाचित्रे कार्डावर आणि क्लाउडवर, अशी दोन्हीकडे ठेवली, बाकीची नुसती कार्डावर. शासनाला मात्र एक विनंती आहे: चेहऱ्याची पडताळणी सेविकेच्या हातून करवून घ्यायची, तर यापुढच्या फोन-खरेदीच्या निविदेत रॅमइतकाच साठ्याचाही किमान आकडा लिहावा, आणि तो 128 जीबीहून कमी नसावा.