श्यामच्या डोळ्यातलं पाणी आणि आईचं कर्ज

आज बोलायचंय ‘श्यामची आई’बद्दल. बहुतेकजणींनी शाळेत धडा वाचला असेल, काहींनी सिनेमा पाहिला असेल. साने गुरुजींनी ही कादंबरी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्यातलं गाव दापोलीजवळचं पालगड. तेव्हा आपल्या सिंधुदुर्गाचाही बराचसा भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता, म्हणजे गोष्ट आपल्याच मुलखातली.

आपण ही गोष्ट आईच्या मायेची म्हणून वाचतो. पण सांगणारा कोण आहे ते बघा. सांगतोय मोठा झालेला श्याम. आश्रमातल्या मित्रांना तो रोज रात्री एक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री. आणि बऱ्याच आठवणींत एकच सल आहे, ‘मी आईला त्रास दिला.’

एक आठवण घ्या. लहान श्याम आंघोळ करून उभा आहे. तळपायांना माती लागू नये म्हणून हट्ट धरतो, आणि आई आपलं लुगडं दगडावर पसरते. तो त्यावर पाय टेकतो. मुलाच्या दृष्टीने ही केवढीशी गोष्ट! पण मोठेपणी तीच आठवून त्याचे डोळे भरतात. आईने तेव्हा उपकार बोलून दाखवले नव्हते. पायांना जपतोस तसं मनालाही जप, एवढंच सांगितलं.

आता दुसरी बाजू बघा. ही आई मुलाला फक्त देत नाही, त्याच्याकडून करूनही घेते. आजारपणात तिला वडाच्या प्रदक्षिणा जमेनात, तेव्हा तिने श्यामला पाठवलं. पोरं हसतील म्हणून तो लाजला, तरी गेला. पुढे दापोलीला शिकताना त्याने खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावाला कोट शिवला आणि पावसातून घरी आणला. ज्या मुलाला आईसाठी, घरासाठी काहीतरी करता येतं, त्याच्या मनावरचा भार थोडा हलका होतो.

मग एवढी अपराधी भावना आली कुठून? ती आली शेवटच्या दिवसांतून. घरावर कर्ज चढलं होतं. जमीन विकून ते फेडून टाकावं, असं आईचं मत होतं, पण ते ऐकलं गेलं नाही. जप्तीची दवंडी गावात पिटली गेली. आई त्या अपमानाने खचली आणि आजारी पडली. श्याम तेव्हा शिकायला दूर होता. मी शिकेन, कमवेन, आईला सुखात ठेवेन, हे त्याचं स्वप्न. तो घरी पोचला तेव्हा आई उरली नव्हती, राख उरली होती. खऱ्या आयुष्यात साने गुरुजींची आई १९१७ मध्ये गेली, तेव्हा ते सतरा वर्षांचे होते.

इथे थोडं थांबून विचार करूया. श्यामच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळल्यात. हट्ट केला, खोटं बोलला, ही त्याची चूक. तिचा पश्चात्ताप योग्यच, त्यातून माणूस सुधारतो. पण कर्ज त्याने काढलं नव्हतं. ते फेडणं शाळकरी पोराच्या हातात नव्हतं. तरी आईच्या मरणाचं ओझं तो स्वतःच्या डोक्यावर घेतो. मोठ्यांचे व्यवहार चुकतात आणि मुलगा मात्र लुगड्यावर टेकलेले पाय आठवून रडतो!

या भावनेने त्याला काय केलं? एक चांगलं झालं. आईला फेडता आलं नाही ते त्याने जगाला द्यायचं ठरवलं. साने गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं, त्यामागे सगळी माणसं सारखी मानण्याची ही शिकवण दिसते. पण एक नुकसानही झालं. आई देवी झाली. तिला काय हवं होतं, कशाचा राग येत होता, हे मागे पडलं. भाऊबीजेच्या पैशांतून तिने स्वतःला लुगडं न घेता नवऱ्याला धोतर घेतलं. आपण तिला ‘थोर’ म्हणतो आणि पुढे जातो. तिच्याकडे दोघांपुरते पैसे का नव्हते, हे विचारत नाही.

आपल्याकडे मुलगा मुंबईला किंवा गोव्याला असतो. फोनवर सहज तोंडातून जातं, “तुझ्यासाठी मी काय नाय केलंय?” तो गप्प होतो. कधी पैसे पाठवतो, कधी फोनच कमी करतो. त्यापेक्षा श्यामच्या आईसारखं नेमकं काम सांगावं. “चतुर्थीला दोन दिवस आधी ये, माटवी बांधायची आहे,” असं म्हटलं की त्याला ते करता येतं. “काय नाय केलंय”ला मात्र त्याच्याकडे उत्तरच नसतं.

गटाच्या पुढच्या बैठकीत यातलं एक प्रकरण मोठ्याने वाचा, आणि मग एवढंच बोला: यात श्यामची चूक किती, आणि कर्जाची किती?