साचा जुना, कारण ताजे

महाराष्ट्रातल्या राज्य सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा मिळते. ती एक-दोन दिवसांनी घेतली की वर्षात पाच-सहा अर्ज होतात आणि ते बहुधा एकाच साहेबांच्या टेबलावर जातात. ‘अचानक प्रकृती बिघडल्याने’ हे शब्द तिसऱ्यांदा आले की साहेब अर्जावरून नजर उचलून अर्जदाराकडे पाहतात.

पण गंमत अशी की मायना, विषय, ‘उपरोक्त विषयान्वये’ हे सगळे दर वेळी तेच असते आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. कार्यालयीन पत्र तसेच असावे लागते. उसनेपणा जाणवतो तो कारणाच्या एका वाक्यात. त्यामुळे साचा करताना बाकी सगळे छापून ठेवायचे आणि नेमके तेच वाक्य मोकळे सोडायचे. बहुतेक जण उलट करतात. कारण तयार ठेवतात आणि तारखा, शिल्लक रजा, काम कोणाकडे दिले, हे ऐनवेळी आठवत बसतात.

साचे तीन पुरतात. पहिला स्वतःच्या आजारपणाचा. तो बहुधा कामावर परतल्यावर लिहिला जातो, म्हणून त्यातली क्रियापदे भूतकाळी: ‘हजर राहू शकलो नाही’. दुसरा आधी ठरलेल्या कामाचा, म्हणजे लग्न, जमिनीची मोजणी किंवा कोर्टाची तारीख. तिसरा घरच्यांच्या दवाखान्याचा. कारणे कितीही असली तरी अर्जाची ठेवण या तिघांतच बसते. कारण मुख्य फरक अर्ज आधी जातो की नंतर आणि सोबत कोणता कागद जोडायचा, एवढाच असतो.

तिसऱ्या साच्याचा मजकूर असा ठेवता येईल:

‘उपरोक्त विषयान्वये विनंती की, ____. त्यासाठी मला दि. ____ ते ____ अशी ____ दिवसांची नैमित्तिक रजा मंजूर व्हावी. तसेच दि. ____ च्या सुट्टीस जोडून मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी. माझ्याकडील ____ हे काम श्री./श्रीमती ____ पाहतील. शिल्लक नैमित्तिक रजा: ____ दिवस.’

पहिल्या रिकाम्या जागेसाठी तयार वाक्य नको, तीन प्रश्न हवेत: कोणाला, काय, आणि आपणच का लागतो? समजा, पुण्यात नोकरी करणाऱ्या एका लिपिकाच्या आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया साताऱ्यात गुरुवारी, १३ फेब्रुवारी २०२५ रोजी ठरली आहे. उत्तरे जोडली की वाक्य होते: ‘माझ्या आईच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दि. १३ रोजी सातारा येथे असून, दुसऱ्या दिवशी पट्टी काढून तपासणी होईपर्यंत तिच्यासोबत दुसरे कोणी नाही.’ रजा गुरुवार-शुक्रवार अशी दोन दिवसांची. राज्य सरकारी कार्यालयांना २०२० च्या फेब्रुवारीअखेरीपासून पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणून १५ आणि १६ तारखेचे शनिवार-रविवार सुट्टीच्या रकान्यात येतात. वर्षातली ही पहिलीच रजा असेल, तर मंजुरीनंतर शिल्लक सहा.

पुढच्या महिन्यात याच आईला चष्म्याचा नंबर काढायला न्यायचे आहे. साचा तोच आणि प्रश्नही तेच, पण उत्तरे बदलली: ‘आईच्या शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याची तपासणी व चष्म्याचा नंबर यासाठी मंगळवारी, दि. १८ मार्च रोजी तिला साताऱ्यास घेऊन जावयाचे आहे.’ दोन्ही अर्ज शेजारी ठेवले तरी नक्कल वाटत नाही. उलट दुसरा पहिल्याला दुजोरा देतो. इथे समानार्थी शब्द शोधण्याची गरजच पडली नाही. ‘प्रकृती अस्वास्थ्य’ काढून ‘तब्येत बरी नसल्याने’ लिहिण्याची धडपड कोणालाही कळते, आणि ‘अपरिहार्य कौटुंबिक कारण’ तर काहीच सांगत नाही.

अर्थात तपशिलालाही मर्यादा हवी. स्वतःच्या आजारात ताप, पाठदुखी एवढे पुरे. खासगी दुखण्याचे नाव अर्जात लिहायची गरज नाही. तिथे ‘वैद्यकीय उपचारासाठी’ असे मोघमच बरे.

घात मात्र बहुतेक वेळा उरलेल्या मजकुराने होतो. सहकाऱ्याचा साचा घेतला आणि बाईंच्या अर्जात ‘शकलो नाही’ तसेच राहिले. साहेबांची बदली झाली तरी मायन्यात जुने पदनाम राहिले. विषयात दोन दिवस आणि मजकुरात तीन. यावर सोपा उपाय म्हणजे गेल्या वेळचा भरलेला अर्ज उघडून त्यावर खाडाखोड करायची नाही, दर वेळी कोरा साचा घ्यायचा. त्यात भरायच्या जागा आडव्या रेघांच्या असल्या की छापण्याआधी एखादी रेघ उरली आहे का, ते नुसत्या नजरेला दिसते. भरलेले अर्ज तारखेच्या नावाने वेगळे ठेवावेत आणि नवा लिहिण्याआधी शेवटचे दोन वाचून घ्यावेत. आठवड्यापूर्वी ज्या मामांच्या मुलाचे लग्न झाले, त्याच मुलाचे पुन्हा लग्न लावण्याचा प्रसंग तरी टळतो.