पशुखाद्याची पोती किती मागवावीत? दहा आठवड्यांच्या वहीचा पडताळा



भांडाराच्या तक्रारवहीत यंदा सर्वांत जास्त पाने कशाने भरली असतील तर ती पशुखाद्याने. शनिवारी दुपारी माल संपलेला, आणि सोमवारी ट्रक येईपर्यंत मोकळे पोते काखेत मारून सभासद परत. एका वयस्क सभासदांनी तर काउंटरवरच आमच्या लोकांना सुनावले, "तुमचं आपलं दर खेपेला एकच, सोमवारी या. म्हशीला काय सांगू, सोमवारी दूध दे म्हणून?" दुसऱ्या बाजूने पाहावे तर मागच्या पावसाळ्यात जादा मागवलेल्या पोत्यांना ओल लागली, खाली बुरशी धरली आणि ती टाकून द्यावी लागली. तोही पैसा सभासदांचाच. कमी मागवले तर जनावर उपाशी, जास्त मागवले तर गोदामात पैसा कुजतो. म्हणून आम्ही हिशेबनिसांना बरोबर घेऊन दहा आठवड्यांची वही उघडली आणि पुढच्या आठवड्याच्या मागणीचा अंदाज कसा बांधावा याचा पडताळा घेतला.

आधी एक गोष्ट दुरुस्त करावी लागली. वहीत विक्री लिहिलेली असते, मागणी नव्हे. चौथ्या आठवड्यात १७० पोती विकली गेली, पण माल संपल्यावर आलेल्यांनी आणखी १८ मागितली होती. म्हणजे मागणी १८८. आपण १७० धरून पुढची ऑर्डर दिली असती तर ती कमी पडली असती, मग माल आणखी लवकर संपला असता आणि वहीत विक्री आणखी कमी दिसली असती. असा खड्डा आपणच खणत जातो. म्हणून परत गेलेल्या माणसाचे पोते आता पेन्सिलीने वेगळे मांडले जाते.

अशी दुरुस्त केलेली दहा आठवड्यांची मागणी, ५० किलोच्या पोत्यांत, ही अशी: २०८, १९२, २१६, १८८, २०४, २३२, २४०, २२८, २४४, २३६. त्याआधीच्या चार आठवड्यांची सरासरी २०० होती, म्हणून पहिल्या आठवड्याचा अंदाज आम्ही २०० धरला.

अंदाजाची जी रीत वापरली तिला एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग म्हणतात. नाव जड आहे, पण काम काउंटरवरच्या कॅल्क्युलेटरने होते. रॉबर्ट जी. ब्राऊन या अमेरिकन गृहस्थांनी दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या नौदलासाठी पाणबुड्यांचा माग काढताना ती बसवली आणि पुढे १९५९ साली गोदामातील मालाच्या अंदाजावरच्या आपल्या पुस्तकात मांडली. पाणबुडीवरून पेंडीवर यायला काही अडत नाही, कारण रीत एवढीच आहे:

पुढचा अंदाज = जुना अंदाज + अल्फा × (प्रत्यक्ष मागणी − जुना अंदाज)

कंसात आहे ती आपली चूक. त्या चुकीतला किती हिस्सा पुढच्या अंदाजात घ्यायचा, ते अल्फा ठरवतो. अल्फा शून्य आणि एक यांच्या मधला आकडा असतो. समजा अल्फा ०.२ आहे. पहिल्या आठवड्यात अंदाज २००, मागणी २०८, चूक ८. आठाचा पाचवा हिस्सा १.६, म्हणून दुसऱ्या आठवड्याचा अंदाज २०१.६. त्या आठवड्यात मागणी १९२ आली, म्हणजे अंदाज ९.६ ने जास्त ठरला. त्याचा पाचवा हिस्सा १.९ वजा केला की तिसऱ्याचा अंदाज १९९.७. जुनी पाने चाळत बसायचे कारण नाही. मागचा अंदाज आणि यंदाची मागणी हे दोनच आकडे हाताशी लागतात.

आणि तरी जुने आठवडे अंदाजात असतातच. अल्फा ०.२ असेल तर अंदाजाच्या एका रुपयात सरत्या आठवड्याचे २० पैसे, त्याआधीच्याचे १६, त्याआधीच्याचे जवळजवळ १३, असे उतरत जाते. अल्फा ०.५ घेतला तर सरत्या आठवड्याचेच ५० पैसे, मग २५, मग साडेबारा. मोठा अल्फा म्हणजे कालच्या बातमीवर धावणारा माणूस. छोटा अल्फा म्हणजे चार जणांना विचारून मग उठणारा. यातला कोणता बरा, हे स्वभावावर सोडायचे नाही, वहीला विचारायचे.

विचारायचे ते असे. प्रत्येक अल्फा घेऊन दहाही आठवड्यांचे अंदाज मांडायचे, जणू पुढची मागणी आपल्याला माहीतच नाही. दर आठवड्याची चूक लिहायची, अधिक असो वा उणे, चिन्ह सोडून. मग त्यांची बेरीज करून दहाने भागायचे. याला मीन ॲब्सोल्यूट डेव्हिएशन म्हणतात, थोडक्यात 'मॅड'; आम्ही खाली सरासरी चूक म्हणू. चिन्ह का सोडायचे, असे आमच्यातल्याच एकाने विचारले. कारण एका आठवड्यात दहा पोती कमी पडली आणि दुसऱ्यात दहा उरली तर चिन्हासकट बेरीज शून्य येते. जनावर मात्र एक आठवडा उपाशी राहिलेलेच असते.

चार अल्फांची सरासरी चूक, पोत्यांत, अशी आली:

| अल्फा | पहिले पाच आठवडे | नंतरचे पाच | सर्व दहा |
|---|---|---|---|
| ०.१ | १०.० | २९.२ | १९.६ |
| ०.२ | १०.६ | २४.० | १७.३ |
| ०.५ | १२.७ | १४.२ | १३.५ |
| ०.८ | १५.७ | १४.६ | १५.१ |

शेवटचा रकाना पाहिला की निकाल सरळ दिसतो: ०.५ ची चूक सर्वांत कमी. छोटा अल्फा मागे राहतो, ०.८ उड्या मारतो, मधला बरा. आम्हीही त्या दिवशी वही मिटून चहा घ्यायला निघालो होतो. पण मधले दोन रकाने गप्प बसू देईनात. पहिल्या पाच आठवड्यांत ०.१ सर्वांत चांगला आणि अल्फा वाढेल तशी चूक वाढत गेलेली. नंतरच्या पाचांत तोच ०.१ सर्वांत वाईट. एकाच भांडारात, त्याच पोत्यांचे दोन उलटे निकाल कसे?

उत्तर हिशेबात नव्हते, फडात होते. पाचवा आठवडा संपला आणि गळीत हंगाम बंद झाला. तोड चालू असते तोवर गोठ्यात वाढे असते. तोड थांबली की वाढे संपते आणि ती तूट पोत्याने भरून निघते. म्हणून सहाव्या आठवड्यापासून मागणी एका पायरीने वर चढली आणि तिथेच राहिली. पहिल्या पाच आठवड्यांतले वरखाली होणे निव्वळ योगायोगाचे होते: कोणी शनिवारऐवजी सोमवारी आले, कोणाचे बिल उशिरा निघाले. अशा वरखालीमागे धावण्यात नुकसान, म्हणून तिथे छोटा अल्फा जिंकला. पायरी खरी होती, म्हणून तिथे मोठा अल्फा जिंकला.

पायरी आली आहे हे चुकांच्या चिन्हांवरून कळते, आणि 'मॅड' तर चिन्हच पुसून टाकते. म्हणून वहीत चिन्हासकट चुकांचा वेगळा रकाना ठेवावाच लागतो. ०.२ च्या चुका पहिल्या पाच आठवड्यांत अधिक ८, उणे १०, अधिक १६, उणे १५, अधिक ४ अशा आलटून पालटून आहेत. बेरीज जेमतेम ४. नंतरच्या पाचांत अधिक ३१, ३३, १४, २८, १४. सगळ्या एकाच बाजूला, बेरीज १२०. दोनतीन मोठ्या चुका सलग एकाच बाजूला पडल्या की समजावे, अंदाज मागे पडलाय. १२० पोत्यांपर्यंत थांबायची गरज नसते.

आता खरा प्रश्न. हंगाम कधी बंद होणार हे कारखान्याला माहीत असते. मग जी गोष्ट आपल्याच सूचनाफलकावर लावलेली आहे ती अल्फाने चुकत चुकत का शिकावी? गेल्या वर्षीची वही काढली. हंगाम बंद झाल्यावर आठवड्याला तीसेक पोती वाढलेली दिसली. म्हणून सहाव्या आठवड्याचा अंदाज हाताने २३० केला आणि पुढे ०.२ नेच चाललो. नंतरच्या पाच आठवड्यांची सरासरी चूक ६.१ आली, ०.५ ची १४.२ होती. दहाही आठवड्यांची ८.३, म्हणजे ०.५ च्या १३.५ पेक्षा बरीच कमी. ०.१ घेऊनही हाच खेळ केला, ८.२ आली. एवढ्याशा फरकावरून दोघांत निवड करण्यात अर्थ नाही. आम्ही ०.२ ठेवला, कारण एखादी लहान पायरी आमच्या नजरेतून सुटली तर तो थोडा लवकर सावरेल.

नुसता शेवटचा रकाना पाहून ०.५ लावला असता तर पुढचे सहा महिने भांडार दर शनिवारच्या वरखालीमागे धावत राहिले असते. सरासरी चूक कमी आली ती पाचव्या-सहाव्या आठवड्यामधल्या एका उडीमुळे. शिवाय दहा आठवडे ही थोडीच वही आहे. पुरे वर्ष हाती येईल तेव्हा निम्म्या आठवड्यांवर अल्फा निवडून उरलेल्या निम्म्यांवर तो टिकतो का हे पाहू.

सरासरी चुकीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो ऑर्डरच्या कागदावर दिसतो. अंदाजाएवढीच पोती मागवली तर साधारण निम्म्या आठवड्यांत माल कमी पडेल. म्हणून अंदाजावर सरासरी चुकीच्या दुप्पट पोती राखीव धरतो. चुका दोन्ही बाजूंना नेहमीसारख्या विखुरलेल्या असतील तर एवढ्या राखीव मालात वीसपैकी सुमारे एकोणीस आठवडे निभावतात. सरासरी चूक १७ असती तर ३४-३५ पोती थप्पीला पडून राहिली असती. ८ वर आणल्याने १७ पुरतात. ओल लागायला तेवढीच थप्पी कमी.

दहाव्या आठवड्याअखेर अंदाज २३४ निघाला, राखीव १७, म्हणून गोदामात २५१ पोती हवीत. शिल्लक वजा करून शनिवारी संध्याकाळी ऑर्डर जाते.

काही सभासदांनी विचारले, युरियाला हीच रीत का लावत नाही? लावून पाहिली, जमली नाही. युरियाची मागणी चार आठवडे जवळजवळ शून्य आणि पाऊस उघडला की एकदम गोदाम रिकामे. तिथे मागच्या आठवड्यावरून पुढचा सांगता येत नाही. अल्फा काहीही घ्या, अंदाज गर्दी ओसरल्यावर वर चढतो. चढउताराला आणि ऋतूला धरून चालणाऱ्या सुधारित रीती होल्ट आणि विंटर्स यांनी दिल्या आहेत, पण त्यांना दोनतीन वर्षांची नीट वही लागते. युरियासाठी त्यापेक्षा जवळची नोंद आपल्या शेतकी खात्यात आहे: कोणाची लागण कधीची, किती एकर, बाळबांधणी आणि मोठी बांधणी कोणत्या आठवड्यात येते. खताची मागणी तिथून काढायचे काम सुरू आहे. ज्यांनी लागणीची तारीख अजून नोंदवली नाही त्यांनी गट कार्यालयात ती द्यावी, आणि पोते न मिळता परत जावे लागले तर काउंटरवर नाव व पोत्यांची संख्या पेन्सिलीने मांडून घेतल्याशिवाय हलू नये.