सर्वेक्षणाची योजना घेताना काय तपासावे?

समजा, 240 सदनिकांच्या सोसायटीला ठरवायचे आहे की विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी चार्जिंगची सोय करायची का. फॉर्म बनवणे सोपे. अडचण येते उत्तरे जमू लागल्यावर.

पहिली अडचण मर्यादेची. टाइपफॉर्मच्या मोफत योजनेत महिन्याला फक्त 10 प्रतिसाद मिळतात. सर्व्हेमंकीच्या मोफत योजनेत एका सर्वेक्षणाचे 25 प्रतिसादच बघता येतात. बाकीचे जमा होतात, पण पैसे भरल्याशिवाय दिसत नाहीत. दुसरा प्रकार मला अधिक त्रासदायक वाटतो, कारण उत्तरे पाठवणाऱ्यांना आपले मत पोहोचले असेच वाटते. गूगल फॉर्म्सवर अशी मासिक मर्यादा नाही, त्यामुळे या सोसायटीचे काम तिथे फुकटात होईल.

आता प्रश्नांची वाट. ज्यांच्याकडे गाडी नाही, त्यांना चार्जिंगचे प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. गूगल फॉर्म्समध्ये ‘गाडी आहे का?’ या प्रश्नाच्या तीन टिंबांत Go to section based on answer हा पर्याय असतो. ‘नाही’ म्हणणाऱ्याला त्यातून थेट शेवटच्या विभागात पाठवता येते. ही सोय एकच उत्तर निवडायच्या प्रश्नांना मिळते. अनेक चौकोनांवर खूण करायच्या प्रश्नाला नाही.

खरी चूक पुढे, मोजणीत होते. 180 घरांनी उत्तरे दिली, त्यांतल्या 110 घरांकडे गाडी आहे आणि 66 जणांना चार्जिंग हवे आहे. गाडी नसलेल्या 70 घरांच्या रांगेत तो रकाना रिकामा राहतो. 66 ला 180 ने भागले तर 37 टक्के येतात, प्रश्न ज्यांना विचारला त्या 110 ने भागले तर 60 टक्के. गाडीवाल्यांची मागणी किती, हे दुसरा आकडा सांगतो. सभेत मात्र दोन्ही आकडे मांडावेत, कारण खर्चाचा भार सगळ्यांवर येणार आहे.

हे हिशेब करायला सगळी उत्तरे फाइलमध्ये हातात यावी लागतात, आणि काही साधने मोफत योजनेत फक्त आलेख दाखवतात. सीएसव्ही मिळाली, तरी एक्सेलमध्ये थेट उघडल्यावर मराठी अक्षरांऐवजी कधीकधी विचित्र चिन्हे दिसतात. माहिती बिघडलेली नसते. Data मधून From Text/CSV निवडा आणि File Origin मध्ये 65001: Unicode (UTF-8) घ्या.

साधनाचे नाव किंवा चिन्ह काढून टाकण्याची सोय बहुधा सशुल्क योजनेत मिळते. ग्राहकांना फॉर्म पाठवणाऱ्या कंपनीला ती उपयोगी असेल. सोसायटीने त्यासाठी पैसे घालवू नयेत.

दुवा गटात टाकण्याआधी प्रत्येक वाटेने एकेक नमुना उत्तर भरा, फाइल उतरवून उघडून पाहा आणि मगच ती नमुना उत्तरे पुसा. महिन्याची मर्यादा असलेल्या साधनात हे नमुनेही मोजले जाऊ शकतात, तेवढे लक्षात ठेवा.