ट्रिएस्तेला जाताना युरो कसे घ्यायचे? बट्ट्याचा हिशोब

आमच्या विभागातल्या एका ज्युनिअरला इटलीत ट्रिएस्तेच्या आयसीटीपीमध्ये कार्यशाळेसाठी निवडलंय. व्हिसाच्या धावपळीत तिने विचारलं, "दादा, पैसे कसे नेऊ? रोख, फॉरेक्स कार्ड की आपलं नेहमीचं एटीएम कार्ड?" असाच प्रश्न दर वर्षी दोन-तीन जण विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. तुम्ही जर्मनीला किंवा जपानला जात असाल तर चलन बदलेल, हिशोब हाच राहील.

आधी एक जुना शब्द उसना घेऊ. पूर्वी बाजारात वेगवेगळ्या टाकसाळींची नाणी चालत. सराफ एक नाणं घेऊन दुसरं देताना मध्ये थोडं कापून घ्यायचा, त्याला बट्टा म्हणत. आजही चलन बदलताना नेमकं तेच होतं, फक्त त्याची नावं मार्कअप, कमिशन, सर्व्हिस चार्ज, कन्व्हर्जन फी अशी झाली आहेत. कधी कधी तर नावच नसतं आणि तो दरातच लपलेला असतो. "झिरो कमिशन" अशी पाटी दिसली तर समजा, बट्टा दरात आहे.

तो मोजायचा कसा? बँका आपापसात ज्या दराने व्यवहार करतात त्याच्या आसपासचा एक मधला दर असतो. भारतात डॉलर, युरो, पाउंड आणि येन यांचा असा संदर्भ दर कामकाजाच्या दिवशी दुपारी जाहीर होतो. २०१८पर्यंत तो रिझर्व्ह बँक काढायची, आता एफबीआयएल काढते. या दराने तुम्हाला-मला कोणी युरो देणार नाही, पण मोजपट्टी म्हणून तो उत्तम आहे. विक्रेत्याला "दर काय?" असं विचारू नका. "सगळं धरून मी किती रुपये द्यायचे आणि मला किती युरो मिळणार?" असं विचारा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. जे येईल त्याची मधल्या दराशी तुलना करा. जो फरक दिसेल तोच बट्टा.

आता आठवड्याचा खर्च ६०० युरो धरू. हिशोब सोपा व्हावा म्हणून मधला दर १ युरोला १०० रुपये समजू. म्हणजे बट्टा शून्य असता तर ६०,००० रुपये लागले असते. पुढचे दर उदाहरणादाखल आहेत, तुमच्या दिवशीचे तुम्हीच काढायचे.

पहिली वाट रोखीची. शहरातल्या परवानाधारक विक्रेत्याने १०२ चा दर दिला, तर ६१,२०० रुपये. वर जीएसटी. चलनबदलावरचा जीएसटी पूर्ण रकमेवर लागत नाही. एक लाखापर्यंत रकमेचा १ टक्का हे सेवेचं मूल्य धरतात (किमान २५० रुपये) आणि त्यावर १८ टक्के कर. म्हणजे इथे ६१२ रुपयांवर ११० रुपये. एकूण ६१,३१०, म्हणजे बट्टा १,३१० रुपये. आता हेच काम विमानतळाच्या काउंटरवर शेवटच्या तासात केलं आणि दर १०९ मिळाला, तर कर धरून ६५,५१८ रुपये. बट्टा ५,५१८. जेआरएफची मासिक रक्कम २०२३पासून ३७,००० आहे, म्हणजे साधारण सातवा हिस्सा बट्ट्यात गेला. विमानतळावर तुमच्याकडे दुसरा पर्याय नसतो हे त्या काउंटरला ठाऊक असतं.

आपल्या मालवणकडच्या मुलांची खरी अडचण इथेच आहे. बँकेची शाखा गावात असली तरी प्रत्येक शाखेत परकीय चलन मिळत नाही. मिळालं तर ते दुसरीकडून मागवावं लागतं, त्यात दिवस जातात. मग "मोप्याला विमानतळावरच घेऊ" किंवा "मुंबईला उतरल्यावर बघू" असं होतं. त्याऐवजी निघायच्या आठ-दहा दिवस आधी पणजी, कोल्हापूर किंवा मुंबईतल्या दोन-तीन विक्रेत्यांना फोन करून वरचा प्रश्न विचारा. परवानाधारकांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. पासपोर्ट, पॅन, व्हिसा आणि तिकीट हाताशी ठेवा. ५०,००० किंवा त्याहून जास्त रकमेचं चलन रोख रुपये देऊन घेता येत नाही, ते पैसे खात्यातून द्यावे लागतात.

अजून एक वाट आपल्याकडे नेहमी सुचवली जाते. शेजारचा कोणी आखातातून सुट्टीवर आलेला असतो, त्याच्याकडे नोटा असतात, "त्याच्याकडसून घे, चांगलो भाव देतलो." हे करू नका. फेमा कायद्याप्रमाणे परकीय चलनाची खरेदी अधिकृत व्यक्तीकडूनच करायची असते. शिवाय पावती मिळत नाही, आणि पावती नसेल तर प्रवास अनुदानाचा दावा करताना लेखा विभागाला दाखवणार काय?

दुसरी वाट तुमच्या नेहमीच्या बँक कार्डाची. इथे दर व्हिसा किंवा मास्टरकार्डचा असतो आणि तो मधल्या दराच्या बराच जवळ असतो. पण त्यावर बँक मार्कअप लावते. पुष्कळ कार्डांवर तो ३.५ टक्के असतो, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. आपल्या उदाहरणात साधारण २,४७८ रुपये. शहरातल्या रोखीच्या जवळपास दुप्पट, पण विमानतळाच्या निम्म्याहून कमी! काही कार्डांवर मार्कअप कमी किंवा शून्य असतो. तसं कार्ड तुमच्याकडे आधीच असेल तर हा लेख इथेच सोडून दिला तरी चालेल. माहीत नसेल तर कार्डाच्या शुल्कपत्रकात परकीय चलन मार्कअपची ओळ शोधा. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख मात्र काढू नका, त्यावर वेगळं शुल्क आणि पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

तिसरी वाट फॉरेक्स कार्डाची. यात निघण्याआधीच युरो भरून ठेवायचे, दर त्याच दिवशी ठरतो. समजा १०१.५० ने ६०० युरो भरले. ६०,९०० रुपये, जीएसटी ११०, कार्डाचं शुल्क कर धरून ३५४. एकूण ६१,३६४, बट्टा १,३६४. रोखीइतकाच, आणि पाकीट हरवलं तर कार्ड बंद करता येतं. म्हणून सगळे हेच सुचवतात. मीही सुचवतो, पण दोन अटींवर.

पहिली अट, कार्डावर तेच चलन हवं जे तिथे खर्च होणार आहे. "डॉलर सगळीकडे चालतो" या समजुतीने डॉलर भरलेलं कार्ड इटलीत वापरलं तर डॉलरचे युरो करताना पुन्हा क्रॉस-करन्सी शुल्क लागतं, बऱ्याच कार्डांवर तेही ३.५ टक्क्यांच्या आसपास. एका प्रवासात दोनदा बट्टा.

दुसरी अट, जास्त भरू नका. समजा ६०० पैकी ४८०च खर्च झाले. उरलेले १२० युरो परत देताना बँक खरेदीचा दर लावते, समजा ९८. हातात ११,७६० येतात, त्यातून किमान जीएसटी ४५ जातो. म्हणजे ४८० युरोंसाठी तुम्ही ४९,६४९ रुपये मोजले, युरोला सुमारे १०३.४०. रोखीइतकं स्वस्त वाटणारं कार्ड जवळपास साध्या बँक कार्डाच्या पातळीवर येऊन बसलं. म्हणून खात्रीचा जो खर्च आहे (राहणं, नोंदणीची बाकी, बस, जेवण) तेवढेच युरो भरा, आणि वरखर्चासाठी बँक कार्ड ठेवा. ४.१३ टक्के फक्त जेवढं वापराल तेवढ्यावरच जातात.

एटीएमचंही एक साधं गणित आहे. फॉरेक्स कार्डावर प्रत्येक वेळी रोख काढायला साधारण २ युरोचं ठरावीक शुल्क असतं, रक्कम कितीही असो. २० युरो काढलेत तर १० टक्के गेले, १०० काढलेत तर २ टक्के. शिवाय समोरचं मशीनही स्वतःचं शुल्क लावू शकतं, ते पडद्यावर दिसतं. पर्यटनस्थळी सुट्ट्या उभ्या असलेल्या मशिनांपेक्षा बँकेच्या शाखेला लागून असलेलं मशीन बघा.

आता सगळ्यात फसवी जागा. गेस्टहाऊसचं २४० युरोचं बिल देताना मशीन विचारतं, EUR की INR? रुपयांत आकडा दिसला की आपल्याला हायसं वाटतं. पण रुपये निवडले की दर तुमच्या कार्डाचा राहत नाही, त्या दुकानामागची कंपनी ठरवते. समजा तिने १०६ लावला, तर २५,४४० रुपये. युरो निवडून साध्या बँक कार्डाने दिले असते तर २४,९९१. बरं, काही बँका परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही वरून शुल्क घेतात, म्हणजे फरक आणखी वाढतो. फॉरेक्स कार्डात युरो पडून असताना रुपये निवडणं तर निव्वळ वाया. एटीएमवर हाच प्रश्न "Accept conversion" आणि "Decline conversion" असा येतो. "Decline conversion" दाबा. व्यवहार रद्द होत नाही, फक्त त्यांचा दर नाकारला जातो. काउंटरवरचा माणूस घाईत स्वतःच बटण दाबतो, म्हणून पिन टाकण्याआधी पडद्यावर चलन वाचा, आणि चुकलं असेल तर तिथेच व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा.

मग त्या ज्युनिअरला मी काय सांगितलं? ८० ते १०० युरो रोख, तेही लहान नोटांत. सुमारे ४०० युरो फॉरेक्स कार्डावर. आणि आपलं बँक कार्ड वेगळ्या खिशात. तिच्या आईचं मत निराळं आहे, "रोख पैशे घेवन जा, मशिनीचो काय भरवसो?" काकूंचं म्हणणं अगदीच चूक नाही, म्हणून तर १०० युरो रोख आहेत. पण सगळे पैसे रोख नेले आणि बॅग हरवली तर ते परत मिळत नाहीत.

बँक कार्ड घेऊन जाताना एक गोष्ट घरूनच करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमानंतर नवी कार्डं आंतरराष्ट्रीय वापरासाठी बंदच येतात. ॲपमध्ये जाऊन तो वापर सुरू करायचा, दुकान, एटीएम आणि टॅप यांची मर्यादा वेगवेगळी ठरवायची. ओटीपी ज्या सिमवर येतो त्याचं रोमिंगही बघून ठेवा.

परत आल्यावर उरलेली नाणी कोणी बदलून घेत नाही, ती तिथल्याच विमानतळावर कॉफीत संपवा. नोटा २,००० डॉलरच्या मूल्यापर्यंत जवळ ठेवता येतात, त्यावरच्या १८० दिवसांत परत द्याव्या लागतात. विक्रेत्याची पावती, कार्डाचं स्टेटमेंट आणि बिलं एकाच लिफाफ्यात ठेवा. त्या पावतीवर दर आणि तारीख छापलेली आहे का हे काउंटर सोडण्याआधी बघा, कारण दाव्यात युरोचे रुपये कोणत्या दराने धरायचे हा प्रश्न तिथेच सुटतो.