तिकीट बंद, तक्रार चालू

‘आपल्या नोंदीप्रमाणे आमची एकही तक्रार प्रलंबित नाही. आमच्या नोंदीप्रमाणे एकच तक्रार आहे, आणि ती सात महिने सुटलेली नाही.’

सांगलीकडच्या एका औषध वितरकाने आपल्या ईआरपी कंपनीच्या संचालकांना पाठवलेल्या पत्राची ही सुरुवात. ईआरपी म्हणजे बिलं, साठा, उधारी, जीएसटी असा धंद्याचा सगळा हिशोब एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर. वितरकाकडे ते रोज सकाळी शटरबरोबर उघडतं आणि बंद पडलं तर गाड्या गोडाउनबाहेर पडत नाहीत. वर्षाला देखभालीचे, म्हणजे एएमसीचे पैसे भरलेले असतात. काही अडलं की सपोर्टला कळवायचं, तिकडून एक नंबर येतो. त्याला तिकीट म्हणतात. या वितरकाकडे अशी नऊ तिकिटं जमली होती आणि नवाही तिकिटांवर ‘क्लोज्ड’ असा शिक्का होता.

तक्रार होती मालपरतीची. औषधांच्या घाऊक व्यापारात ‘दहावर एक’ ही स्कीम नेहमीची आहे. मेडिकलवाल्याने शंभर स्ट्रिप घेतल्या की दहा फुकट. स्ट्रिपचा भाव पन्नास रुपये धरला तर हातात माल येतो ११० स्ट्रिपचा आणि बिल होतं ५,००० रुपयांचं, वर ५ टक्के जीएसटी. आता त्याने त्यातल्या २२ स्ट्रिप परत पाठवल्या तर किती पैसे वळते करायचे? ५,००० भागिले ११०, गुणिले २२. म्हणजे बरोबर १,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी ५०. कोणताही जुना दिवाणजी हे तोंडी सांगेल. सॉफ्टवेअर मात्र कधी १,१०० ची क्रेडिट नोट काढायचं, कधी ८८० ची, आणि बऱ्याचदा अगदी बरोबर १,००० ची.

हे ‘कधी कधी’ सगळ्यात घातक. रोज चुकणारी गोष्ट आठवड्यात सापडते. अधूनमधून चुकणारी गोष्ट माणसाच्या माथी मारता येते. सपोर्टच्या पहिल्या उत्तरात तसंच लिहिलं होतं: ‘एंट्री करताना युजरकडून चूक झाली असावी.’ काउंटरवरच्या मुलाला दोनदा बोलणी बसली. बिचाऱ्याने त्यानंतर प्रत्येक परतीच्या एंट्रीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सुरुवात केली. पुढे हेच फोटो पत्राला जोडले गेले.

मूळ सापडलं ते पेढीच्या अकाउंटंट बाईंना. चुकलेल्या आणि न चुकलेल्या परतींची मूळ बिलं त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी मांडली. चुकलेल्या प्रत्येक बिलात एक गोष्ट समान होती: तेच औषध दोन बॅचमधून गेलं होतं. जुन्या बॅचचे साठच नग शिल्लक होते, म्हणून उरलेले पन्नास नव्या बॅचचे दिले. औषधाला बॅच आणि मुदत असल्यामुळे हे रोजचंच. पण अशी ओळ दोन भागांत फुटली की सॉफ्टवेअर फुकटच्या दहाही स्ट्रिप दुसऱ्या बॅचच्या खात्यावर टाकत होतं. पहिली बॅच साठ, सगळी विकत. दुसरी बॅच पन्नास, त्यात चाळीस विकत आणि दहा फुकट. मग परत आलेल्या २२ स्ट्रिप पहिल्या बॅचच्या असल्या तर त्यांत फुकट काहीच दिसत नाही, पन्नासच्या पूर्ण भावाने १,१०० वळते होतात. दुसऱ्या बॅचच्या असल्या तर भाव पडतो चाळीस आणि मेडिकलवाल्याला ८८० च मिळतात. पहिल्या वेळी वितरकाचं नुकसान, दुसऱ्या वेळी गिऱ्हाइकाचं. गिऱ्हाईक फोन करतं ते अर्थात दुसऱ्याच वेळी.

हे सगळं पाचव्या तिकिटात लिहून कळवलं होतं. तरीही पुढची चार तिकिटं का लागली, ते कळायला सपोर्टचं काम कसं चालतं ते पाहायला हवं. तिकीट घेणाऱ्या मुलाच्या हातात प्रोग्राम बदलणं नसतं. त्याचं काम गिऱ्हाइकाचं आजचं अडलेलं मोकळं करणं. म्हणून तो दूरस्थ जोडणीने वितरकाच्या संगणकात शिरतो, डेटाबेसमध्ये त्या एका क्रेडिट नोटेचा आकडा हाताने १,००० करतो आणि तिकिटावर ‘रिझॉल्व्ह्ड’ लिहितो. दोन-तीन दिवसांत गिऱ्हाइकाकडून काही आलं नाही तर तिकीट आपोआप ‘क्लोज्ड’ होतं. पुढच्या महिन्यात तीच चूक दुसऱ्या बिलात येते, तेव्हा नवं तिकीट, नवा नंबर, नवा मुलगा. प्रत्येक तिकीट एका दिवसात सुटलेलं! कंपनीच्या महिन्याच्या अहवालात हे काम उत्तम दिसत असणार. एकेक घटना मिटवणं आणि घटना घडवणारं कारण शोधणं ही दोन वेगळी खाती असतात, आणि पहिल्या खात्यातून दुसऱ्या खात्यात तक्रार आपोआप जात नाही. कुणीतरी ती ढकलावी लागते.

डेटाबेसमधली ही हातदुरुस्ती वरवर मदत वाटते. पत्राचा सगळ्यात जोरकस भाग तिच्याविरुद्ध आहे, आणि मला तो पूर्ण पटतो. पाच कोटींवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत गिऱ्हाइकाच्या बिलासाठी सरकारी पोर्टलवरून ई-इन्व्हॉइस क्रमांक, म्हणजे आयआरएन घ्यावा लागतो, आणि क्रेडिट नोटलाही तो लागतो. क्रमांक मिळाल्यापासून २४ तासांच्या आत ती नोंद त्या पोर्टलवर रद्द करता येते, त्यानंतर नाही. आणि तिच्यातला आकडा तर तिथे कधीच बदलता येत नाही. म्हणजे चौथ्या दिवशी सपोर्टने वितरकाच्या संगणकात १,१०० चे १,००० केले, तरी पोर्टलवर १,१०० च राहिले. तोच आकडा पुढे जीएसटीआर-१ मध्ये आपोआप उतरतो आणि मेडिकलवाल्याच्या खात्यातही दिसतो. एकाच क्रेडिट नोटेचे दोन आकडे तयार झाले, आणि वितरकाला त्याचा पत्ता लागला तो विवरणपत्र भरायच्या ११ तारखेच्या आदल्या रात्री.

‘आपण आमच्या परवानगीशिवाय केलेल्या दुरुस्तीमुळे’, पत्रात पुढे लिहिलं आहे, ‘आमची वही आणि शासनाचं पोर्टल यांत फरक पडला. मूळ चुकीचा आकडा तसाच राहिला असता तर आम्ही रीतसर डेबिट नोट काढून तो मिटवला असता. आपण चूक मिटवली नाही, चुकीचा पुरावा मिटवला.’

शिवाय ही पेढी प्रायव्हेट लिमिटेड आहे. कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा, बंद न करता येणारा एडिट लॉग असणं १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचं आहे, आणि ऑडिटरला त्यावर अहवालात लिहावं लागतं. मागच्या दाराने डेटाबेसमध्ये केलेला बदल त्या लॉगमध्ये उमटला नसेल, तर ऑडिटरच्या प्रश्नाला उत्तर वितरकानेच द्यायचं. सपोर्टचा मुलगा तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

याआधीही एक पत्र गेलं होतं. ते ‘स.न.वि.वि.’ने सुरू होऊन दुसऱ्या ओळीत भांडणावर येत होतं. ‘वारंवार सांगूनही’, ‘अत्यंत मनस्ताप’, ‘आपली सेवा शून्य’. मालकांचा राग खरा होता, पण त्या पत्राला उत्तर देणं कंपनीला फार सोपं गेलं: दिलगिरी, आणि ‘कृपया तिकीट नोंदवावे’. दुसरं पत्र त्याच माणसाने लिहिलं, पण त्यात विशेषण शोधूनही सापडत नाही. दोन पानं, वर कराराचा क्रमांक. मग एक तक्ता: तिकीट क्रमांक, तारीख, मूळ बिल, निघालेली रक्कम, बरोबर रक्कम, सपोर्टने लावलेलं कारण. नऊ ओळी एकाखाली एक वाचल्या की दिसतं, एकाच दोषाला कंपनीच्या माणसांनी चार वेगवेगळी कारणं लावली आहेत. त्याखाली चूक पुन्हा करून दाखवायची कृती आहे: चाचणीच्या डेटात एका औषधाच्या दोन बॅच घ्या, साठ आणि पन्नास, शंभरावर दहाची स्कीम लावून बिल करा, पहिल्या बॅचच्या २२ परत घ्या, क्रेडिट नोट पाहा. कोणत्याही प्रोग्रामरला पाच मिनिटांत करून बघता येईल अशी. ‘आमच्याकडे असं होत नाही’ म्हणायची सोय तिथे संपली.

मागण्याही मोजक्या. नवाही तिकिटं एका मुख्य तिकिटाखाली जोडून ते उघडं ठेवावं. दोषाचं कारण लेखी द्यावं. दुरुस्तीची आवृत्ती कधी येणार ती तारीख द्यावी. तोवर डेटाबेसमध्ये आमच्या लेखी संमतीशिवाय हात लावू नये, आणि आजवर कुठे कुठे लावला त्याची यादी द्यावी. करारात कंपनीने ‘चार तासांत प्रतिसाद’ असं वचन दिलं होतं. प्रतिसाद म्हणजे उत्तर, उपाय नव्हे; उपायाला करारात मुदतच नव्हती. सही करताना ही ओळ बहुतेक जण वाचत नाहीत. म्हणून पत्रात कराराचा धाक घातलेला नाही, तारीख मागितली आहे.

एएमसीचा पुढचा हप्ता अडवून ठेवू, असं वाक्य पहिल्या मसुद्यात होतं. वकिलांनी ते काढायला लावलं. ईआरपी कंपनी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने तिचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. मात्र त्याच कायद्यात सेवा मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली, तर ती हरकत दूर झाल्यावरच सेवा स्वीकारली असं धरतात. म्हणजे गप्प बसून पैसे अडवणं अंगाशी येतं, आणि वेळेत लिहिलेला कागद कामाला येतो. ग्राहक न्यायालयाचा रस्ता अशा पेढीला बहुधा नाहीच. व्यापारी कामासाठी घेतलेली सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही. सूट आहे ती स्वतःच्या पोटापाण्यासाठी एकट्याने धंदा करणाऱ्याला, आणि वीस माणसांच्या कंपनीला तिथे उभं राहणं अवघड.

उत्तर आठ दिवसांत आलं, या वेळी सपोर्टकडून नव्हे, प्रॉडक्ट विभागाच्या प्रमुखाकडून. दोष मान्य केला होता. ओळ फुटताना स्कीमचे नग बॅचच्या प्रमाणात वाटायचे राहून गेले होते. पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं आणि त्या २२ स्ट्रिपची क्रेडिट नोट आता हजाराचीच निघते. हातदुरुस्तीची यादीही आली, आणि ती वितरकाच्या अंदाजापेक्षा लांब निघाली. नऊ तिकिटांतल्या नोंदी तर होत्याच, शिवाय वितरकाने कधीच न कळवलेल्या काही क्रेडिट नोटाही कुणीतरी ‘जाता जाता’ सरळ केल्या होत्या. आता अकाउंटंट बाई ती यादी आणि पोर्टलवरची नोंद ओळीने ताडून बघतायत. प्रत्येक फरकाला नवी डेबिट किंवा क्रेडिट नोट, तिला नवा आयआरएन, आणि संबंधित मेडिकलवाल्याला एक फोन. या कामाच्या तासांचे पैसे कुणी द्यायचे, यावर दुसरं पत्र तयार होतंय.