गुलाबी झालेले पांढरे सदरे

नव्या लाल सुती ओढणीचा रंग जातो हे कळतं ते मशीनचं झाकण उघडल्यावर. आत तीन पांढरे सदरे फिकट गुलाबी झालेले असतात. अशा वेळी आधी ओढणी बाहेर काढावी, आणि सदरे मात्र ओलेच ठेवावेत. ते उन्हात वाळले किंवा त्यांच्यावर इस्त्री फिरली, की रंग काढणं फार अवघड होतं.

इथे हमखास कुणीतरी सांगतं, मिठाच्या पाण्यात भिजवा. नेमकं हेच करू नये. सुती कापड रंगवताना रंगारी पाण्यात मीठ घालतात, ते पाण्यातला रंग कापडाकडे ढकलला जावा म्हणून! म्हणजे मिठाने गुलाबी रंग सुटायचा नाही, उलट सदऱ्यात आणखी मुरेल. नीळ घालण्यातही अर्थ नाही. गुलाबीवर निळा चढला की सदरा जांभळट दिसतो.

खरा उपयोग होतो ऑक्सिजन ब्लीचचा. पाकिटावर ‘सोडियम परकार्बोनेट’ लिहिलेलं आहे ना, एवढं पाहावं. बादलीत पाचेक लिटर गरम पाणी घ्यावं. हाताला चटका बसत नाही, पण कोमटाहून जास्त गरम. गार पाण्यात ही पावडर जवळपास निजलेलीच राहते. दोन-तीन मोठे चमचे पावडर विरघळवून सदरे पूर्ण बुडवावेत आणि सहा-आठ तास तसेच ठेवावेत. मधूनमधून एक बाही उचलून पाहावी. ती आधीपेक्षा फिकी झाली असेल, तर काम चालू आहे. तेवढ्या वेळात पावडरीचा जोर संपतो, म्हणून गुलाबी उरलंच तर त्याच पाण्यात रात्रभर ठेवण्याऐवजी नवं पाणी करावं.

दुसऱ्यांदा भिजवूनही बाही पहिल्याइतकीच गुलाबी राहिली, तर रंगाच्या दुकानात मिळणारं रंगकाट आणावं. रंगारी त्याला ‘हायड्रो’ म्हणतात. बहुतेक लाल रंगांचे रेणूच ते मोडून टाकतं, त्यामुळे रंग नाहीसा होतो. पण हा उपाय आंधळा आहे: सदऱ्यावरचं रंगीत भरतकामही तो सोडत नाही. वास उग्र असतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवून, प्लास्टिकच्या बादलीत, पाकिटावरच्या मापानेच वापरावं. त्यात दुसरं कुठलंही ब्लीच घालायचं नाही. क्लोरीनचं लिक्विड ब्लीच आणि व्हिनेगर यांचं मिश्रणही कधी करू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

हे सगळं सुती कापडापुरतं. रेशीम किंवा लोकर असेल तर घरी प्रयोग न करता ड्रायक्लीनरकडे द्यावं.

आणि ती ओढणी? ओला पांढरा रुमाल तिच्या कोपऱ्यावर जोरात घासा. रुमाल लाल झाला, तर तिला अजून वेगळंच धुवा.